यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरची कसोटी

एखादा मजकूर माणसाने लिहिला आहे की भाषा-मॉडेलने, याचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरला डिटेक्टर म्हणतात. मजकुरात किरकोळ बदल केल्यावरही हा अंदाज टिकतो का, हे तपासणाऱ्या परीक्षेला टिकाऊपणाची चाचणी म्हणतात. हलके संपादन, टंकनचुका, समानार्थी शब्दांची अदलाबदल आणि दुसऱ्या भाषेत नेऊन परत आणलेले भाषांतर हे तिचे चार नेहमीचे प्रकार. ही चाचणी बहुधा यंत्राच्या मजकुरावरच केली जाते. तीच माणसाच्या मजकुरावरही केली नाही तर निष्कर्ष अर्धाच राहतो, आणि मराठीत तर तो दिशाभूल करतो.

अनेक डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित होता हे मोजतात. शब्द सतत अपेक्षेप्रमाणे येत गेले तर मजकूर यंत्राचा ठरतो. ‘शहाडजवळ उल्हास नदीच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे’ हे वाक्य यंत्राने लिहिले असे समजू. ‘नदिच्या’, ‘मंदीर’ अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका घातल्या की मॉडेल त्या शब्दांचे अनोळखी तुकडे करते, अपेक्षितपणा घटतो आणि गुण माणसाच्या बाजूला सरकतो. ‘मंदिर’च्या जागी ‘देऊळ’ आले तर व्याकरण बिघडत नाही, कारण दोन्ही नपुंसकलिंगी आहेत. पण ‘जुना रस्ता’ बदलताना फक्त नाम बदलले तर ‘जुना वाट’ होते. असे वाक्य घेऊन काढलेला निकाल समानार्थी शब्दांचा नसून व्याकरणदोषाचा असतो. इंग्रजीत जाऊन परतलेल्या वाक्यात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक पुसला जाऊ शकतो. म्हणून बदललेल्या मजकुराचा नमुना मराठी जाणणाऱ्याने वाचून अर्थ व व्याकरण शाबूत असल्याची खात्री करावी लागते.

मोजणीची रीत अशी. समजा, माणसांचे 200 आणि यंत्राचे 200 उतारे घेतले. माणसांच्या 200 पैकी जास्तीत जास्त 10 उतारे चुकून यंत्राचे ठरतील, अशा बेताने उंबरठा ठरवला. त्यावर यंत्राचे 160 उतारे पकडले गेले. आता उंबरठ्याला हात न लावता, प्रत्येक प्रकारचा बदल वेगळा आणि वाढत्या प्रमाणात करून किती उतारे पकडले जातात ते पाहायचे. बदलानंतर उंबरठा पुन्हा जुळवला तर घसरण झाकली जाते. कल्पेश कृष्णा आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये परिच्छेद नव्या शब्दांत मांडणारे मॉडेल वापरले. चुकीचा आरोप 1 टक्क्यावर स्थिर ठेवला असता डिटेक्टजीपीटी या डिटेक्टरची पकड 70.3 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर आली.

माणसाच्या बाजूचा पुरावाही त्याच वर्षी पुढे आला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 टोफेल निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी सुमारे 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. त्याच निबंधांची शब्दसंपदा वाढवली तेव्हा चुकीचे आरोप पुष्कळ कमी झाले. म्हणजे शब्दांच्या बदलाने यंत्राचा मजकूर निसटतो, तसाच माणसावरचा आरोपही कमी-जास्त होऊ शकतो. मराठीत हा प्रश्न आणखी तीव्र आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका येथे रोजच्या लेखनात आढळतात, आणि अनुवादित मजकूरही सर्रास वाचला-लिहिला जातो. तपासणीआधी मजकुरातली अदृश्य चिन्हे काढून टाकण्याचा साफसफाईचा उपायही जपून करावा लागतो. इंग्रजी मजकुरातून ती सहसा बिनधास्त काढता येतात. मराठीत मात्र ‘दऱ्या’ हा शब्द काही वेळा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून साठवलेला असतो. ते चिन्ह काढले की ‘दर्या’ उरतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

अशा चाचण्या जाहीर केल्याने पळवाटा शिकवल्या जातात, असा एक आक्षेप घेतला जातो. पण शब्द बदलणे किंवा भाषांतर करून पाहणे कोणालाही सुचते. दोष लपवल्याचा तोटा पळवाट शोधणाऱ्याला होत नाही, निरपराध लेखकाला होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खूप बदललेला मजकूर यंत्राचा राहतोच का? हलक्या संपादनात राहतो, पण परतीच्या भाषांतरात शंका येते, कारण माणसाचे वाक्यही भाषांतर-यंत्रातून गेल्यावर यंत्राच्या शब्दांत उतरते. त्यामुळे या प्रकाराचा निकाल इतरांच्या सरासरीत न मिसळता स्वतंत्र द्यावा.

ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये आणलेला डिटेक्टर कमी अचूकतेमुळे जुलैमध्ये मागे घेतला. इंग्रजीबाहेर तो बराच कमकुवत असल्याचे कंपनीने आधीच सांगितले होते. मराठीसाठी कोणताही डिटेक्टर वापरण्यापूर्वी दोन आकडे मागावेत: बदलानंतर यंत्राचे किती उतारे निसटले, आणि त्याच बदलानंतर माणसांच्या किती उताऱ्यांवर आळ आला. दुसरा आकडा नसेल तर त्या निकालावरून विद्यार्थ्याला किंवा लेखकाला दोषी ठरवू नये.