हात-पाय-तोंड रोग
मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होणारा संसर्गजन्य विषाणुजन्य रोग. कॉक्सॅकी ए१६, ए६ आणि एंटेरोव्हायरस ७१ हे त्याचे प्रमुख कारक विषाणू होत. भारतात २००३ मध्ये केरळात त्याची साथ नोंदली गेली. पुढे नागपुरातही रुग्ण आढळले. २०२२ मध्ये केरळातील साथ ‘टोमॅटो फ्लू’ नावाने गाजली.

संसर्गानंतर ३ ते ६ दिवसांनी ताप येतो. एक-दोन दिवसांत तोंडात वेदनादायक व्रण, तर तळहात, तळपाय व कुल्ल्यांवर पुरळ किंवा फोड उठतात. ते बहुधा ७ ते १० दिवसांत बरे होतात. काही आठवड्यांनी नखे गळाली तरी नवी येतात.

फोड फोडू नयेत. साबण-पाण्याने हलके धुऊन कोरडे ठेवावेत. फुटलेल्या फोडातील द्रवातून संसर्ग पसरतो. तोंड दुखत असल्यास गार दूध, दही, पेज थोडी थोडी द्यावी, आंबट-तिखट टाळावे. तापावर वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे, ॲस्पिरिन देऊ नये. विषाणू विष्ठेतून अनेक आठवडे बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत.

सहा-आठ तास लघवी न होणे, तीन दिवसांहून अधिक ताप, वारंवार उलट्या, सुस्ती, झोपेत दचकणे, झटके, तोल जाणे, धाप लागणे किंवा फोडांभोवती लाली वाढून पू होणे, यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.