टांगेवाल्याने की टांगेवाल्यांनी? जुन्या कात्रणातले एक टिंब

जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण इंग्रजीत उतरवताना "एखाददुसऱ्या टिंबाने काय बिघडते, भावार्थ घ्या आणि पुढे चला" असा सल्ला देणारी शिकलेली मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. हा सल्ला आम्हाला मान्य नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात भावार्थ घेणारे नेहमी दुसरेच राहिले, आणि त्यांनी घेतलेला भावार्थ आपल्या सोयीचा कधीच नव्हता. मराठी न वाचणारा संशोधक मूळ कात्रण पाहत नाही, तो आपला अनुवाद पाहतो. अनुवादात शिरलेली चूक त्याच्या पुस्तकात जाते आणि तिथून पुरावा म्हणून आपल्याकडेच परत येते.

खानदेशातलेच एक उदाहरण घेऊ. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीच्या कामासाठी ते १९२९ मध्ये खानदेशच्या दोन जिल्ह्यांत फिरले. परतीच्या वाटेवर ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता आणि त्याची चौकशी करायची होती. ती करून ते गाडीने चाळीसगावला परत आले. स्टेशनपासून महारवाडा सुमारे दोन मैल. तिथे जाण्यासाठी टांगा ठरवायचा, तर महाराला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही पाहा. हाकायला बसलेल्या माणसाचा तो धंदा नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. चरित्रकार या अपघाताची तारीख २३ ऑक्टोबर १९२९ देतात. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणात हा प्रसंग लिहिला आहे, पण तिथे फक्त वर्ष आहे. तारीख नाही आणि बहिष्कार पडलेल्या त्या गावाचे नावही नाही.

म्हणजे त्या काळच्या मराठी पत्रांतली चार ओळींची बातमीसुद्धा इथे मोलाची ठरते. अशा बातमीत नेहमी आढळणाऱ्या धाटणीचे एक वाक्य आम्ही सरावासाठी रचले आहे. ते कोणत्याही पत्रातले नाही. त्यात तीन जागी शाई फुटली आहे असे समजा:

"ता. २▒ रोजीं बुधवारीं चाळीसगांव (प▒ खा.) येथें स्टेशनावरील टांगेवाल्या▒न▒ टांगा हांकण्याचें नाकारलें."

आधी लेखनाकडे पाहू. रोजीं, बुधवारीं, गांव, येथें, हांकणें, नाकारलें ही टिंबे आजच्या मुलांना छपाईची घाण वाटतात. तो त्या काळचा नियम होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. त्याआधीच्या लेखनात यांतली काही टिंबे केवळ व्युत्पत्तीची खूण म्हणून असत, पण काही टिंबे व्याकरणाचे काम करत. 'तो म्हणतो' आणि '(मी) म्हणतों' यांत फरक टिंबाचा. कर्ता गाळलेल्या वाक्यात बोलणारा बातमीदार स्वतः आहे की तिसराच कोणी, हे त्या टिंबावरूनच कळते. 'केली' म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन, 'केलीं' म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. सगळी टिंबे सारखी समजून आधी पुसून टाकायची आणि मग अनुवादाला बसायचे, ही पद्धत म्हणूनच धोक्याची आहे.

आता तारीख. २ च्या पुढचा अंक ३ असेल किंवा ८, कारण शाई भरली की दोन्हीचे खालचे शेपूट सारखेच दिसते. इथे वार कामाला येतो. २३ ऑक्टोबर १९२९ बुधवारी पडतो आणि २८ ऑक्टोबर सोमवारी. वार शाबूत असेल तर अंक ३ च आहे. वार नसेल तर कात्रणाच्या डोक्यावरची अंकाची तारीख आणि मजकुरातले 'गेल्या बुधवारीं', 'ता. मजकुरीं' असे शब्द पाहावे लागतात. म्हणून आपली मंडळी फक्त 'आपली' बातमी कापून ठेवतात आणि वरची पट्टी फेकून देतात, तेव्हा आमचा जीव हळहळतो.

दुसरी जागा कंसातली. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. जळगाव मुख्य ठाण्याचा पूर्व खानदेश आणि धुळे मुख्य ठाण्याचा पश्चिम खानदेश. जागा वाचवायला त्यांचे 'पू. खा.' आणि 'प. खा.' होई. आता बघा, 'पू' चा उकार खिळ्याच्या तळाशी लोंबणारा, झिजायला सर्वात सोपा. तो गेला की पूर्वेचे पश्चिम होते! चाळीसगावच्या बाबतीत हे लगेच पकडता येते, कारण चाळीसगाव पूर्व खानदेशात होते हे सर्वांना ठाऊक आहे. खरी अडचण त्या बहिष्काराच्या गावाची आहे. चाळीसगाव-धुळे रेल्वेफाटा दोन्ही जिल्ह्यांतून जातो. जामदा चाळीसगाव तालुक्यात, तर शिरूड धुळे तालुक्यात. अर्धवट पुसलेल्या गावनावापुढे फक्त 'प' दिसत असेल, तर शोध एका जिल्ह्यावर थांबवता येत नाही. अशा वेळी आम्ही 'प' च्या खालच्या कोऱ्या जागेत शाईचा कण आहे का ते पाहतो, आणि त्याच रकान्यातला दुसरा स्वच्छ 'पू' शोधून त्याचा उकार किती खाली उतरतो याच्याशी ताडून पाहतो. तरी ठरले नाही तर अनुवादात दोन्ही शक्यता लिहितो.

तिसरी जागा सर्वात महत्त्वाची. 'टांगेवाल्यानें' की 'टांगेवाल्यांनीं'?

एक टांगेवाला नाही म्हणाला, तर तो एका माणसाचा उद्धटपणा झाला. वाचणारा म्हणेल, दुसरा पाहायचा होता. स्टेशनावरच्या टांगेवाल्यांनी नाही म्हटले, तर ती जातिव्यवस्था झाली, जी कोणाचा हुकूम नसताना, ठराव नसताना एका बॅरिस्टरला स्टेशनाबाहेर ताटकळत ठेवते. समाजशास्त्राच्या वर्गात यावर तास रंगतात, इथे मात्र सगळा प्रश्न एका अक्षरावर आला आहे. क्रियापद मदत करत नाही, कारण 'नाकारलें' हे 'हांकण्याचें' या नपुंसकलिंगी पदाबरोबर जाते. कर्ता एक असो की दहा, ते बदलत नाही.

मग अक्षरच वाचायचे. 'न' ला स्वतःचा एक उभा दांडा असतो. 'नें' मध्ये तेवढाच एक दांडा राहतो आणि मात्रा वर तिरकी जाते. 'नीं' मध्ये दुसऱ्या वेलांटीचा आणखी एक दांडा येतो. वरचा भाग कितीही काळवंडला असला, तरी शिरोरेघेखालचे दांडे बहुधा शाबूत असतात. दांडे मोजा. एक असेल तर एक टांगेवाला, दोन असतील तर अनेक. 'नीं' ठरले की 'ल्या' वरचे टिंब दिसत नसले तरी ते तिथे असायलाच हवे, कारण एकवचनी टांगेवाल्यापुढे 'नीं' येत नाही. हा आदरार्थी 'नीं' असेल का? तशी शंका घ्यायला हरकत नाही, पण त्या काळच्या बातमीत टांगेवाल्याला आदरार्थी बहुवचन कोण देणार! शेवटी बाबासाहेबांच्या टिपणाशी ताळा घ्यायचा. तिथे अनेकवचनच आहे. पण ताळा शेवटी. टिपण आधी वाचून मग कात्रणात तेच शोधत बसलो, तर कात्रण हा स्वतंत्र पुरावा उरत नाही.

टिंब खरे की खोटे हेही ओळखता येते. छापलेला अनुस्वार शिरोरेघेपासून ठरावीक उंचीवर बसतो, पूर्ण रकान्यात ती उंची बदलत नाही. माशीची घाण, कागदातला तूस कुठेही पडतो. तिसरा संशय मागच्या पानाचा. वर्तमानपत्राचा कागद पातळ, मागची शाई पुढे उमटते. मागच्या बाजूचे चित्र आरशासारखे उलटे करून पुढच्यावर ठेवले, की कोणता ठिपका मागून आला ते दिसते. स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवला तर ही उमट बरीच दबते. फक्त काळे-पांढरे स्कॅन मात्र करू नये. त्यात यंत्र फिक्या करड्या ठिपक्याला पांढरा ठरवते आणि आपला अनुस्वार तिथेच मरतो. राखाडी छटांत किंवा रंगीत, इंचाला ६०० ठिपके, एवढे तरी हवे. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर मूळ शोधल्याशिवाय अनुवादाला हात लावू नये.

अक्षर लागले तरी इंग्रजी करताना दोन गोष्टी हातून निसटतात. एक म्हणजे कोणाला 'आला' आणि कोणाला 'आले', कोणाच्या नावामागे 'रा. रा.' आणि कोणाचे नुसते नाव. मराठीत हा जातीचा आणि हुद्द्याचा नकाशाच असतो, इंग्रजीत सगळे एका क्रियापदात सपाट होतात. ते टिपेत सांगावेच लागते. दुसरी गोष्ट शब्दांची. १९२९ च्या बातमीतल्या 'अस्पृश्य' ला अनुवादात 'हरिजन' करणे म्हणजे तीन-चार वर्षांनी गांधीजींनी रूढ केलेला शब्द मागे नेऊन चिकटवणे. तोही असा शब्द, जो कायद्यात घालायला बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत विरोध केला. 'दलित' लिहिण्याचा मोह आपल्यालाही होतो, पण बातमीत जो शब्द असेल तोच ठेवावा. तसेच 'वाळीत टाकणें' आणि 'बहिष्कार'. जात आपल्याच माणसाला तोडते तेव्हा वाळीत टाकते. गाव महारवाड्यावर बहिष्कार घालते तेव्हा मजुरी, दाणापाणी, गुरांचे चरणे बंद होते. दोन्हींना इंग्रजीत एकच 'बॉयकॉट' लावला, तर चुलीवर आलेला घाला नजरेआड होतो.

आम्ही अनुवाद असा मांडतो: डावीकडे स्कॅन, मध्ये मूळ लेखनाप्रमाणे जसेच्या तसे अक्षरांकन, उजवीकडे इंग्रजी. अंदाजाने भरलेले अक्षर चौकोनी कंसात, न लागलेले 'अस्पष्ट' म्हणून. 'नाहीं' चे 'नाही' करायचे असेल तर चौथी वेगळी प्रत करावी, अक्षरांकनात हात घालू नये.

चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे, साक्री या भागात ज्यांच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत १९२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक किंवा कात्रणे असतील, त्यांनी ती वहीतून उचकटून काढू नयेत. वहीसकट, दोन्ही बाजूंनी, वरच्या पट्टीसह स्कॅन करा. धुळे फाट्यावरच्या त्या गावाचे नाव एखाद्या कोपऱ्यात 'पू. खा.' किंवा 'प. खा.' च्या शेजारी छापलेले असू शकते.