पंचाण्णव टक्के कशाचे?

जेरेमी बेंथॅम १८३२ साली वारला. त्याची हजारो हस्तलिखित पानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत. २०१० पासून स्वयंसेवक त्यांचे स्कॅन वाचून मजकूर उतरवू लागले. पुढे तोच मजकूर दाखवून संगणकाला त्याचं अक्षर शिकवलं. आता 'पंचाण्णव टक्के अचूक' म्हणजे काय, बघा. हा हिशोब अक्षरांचा आहे, शब्दांचा नव्हे. पाच अक्षरांचा शब्द आणि विखुरलेल्या चुका धरल्या, तर चार-पाच शब्दांमागे एक बिघडतो. शोधायला चालेल, उद्धृत करायला नाही! शिवाय बेंथॅम ओळींच्या मधे बारीक दुरुस्त्या करतो. तिथला एखादा 'नॉट' यंत्राकडून गळाला, की वाक्याचा अर्थच उलटतो. तुमच्या पीडीएफमधलं एखादं खाडाखोडीचं पान आधी स्वतः उतरवा आणि यंत्राच्या मजकुराशी ताडून चुका मोजा.