उसन्या नजरेने पाहिलेले पान

आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा टांझानियात रोजचे अन्न आहे. तपकिरी रेषा रोग हा त्याचा मोठा वैरी. झाड वरून बरेचसे हिरवेच दिसते, पण कंद उपटला की आतून कुजलेला निघतो. त्याच झाडाची कांडी बेणे म्हणून लावली, तर रोग पुढच्या हंगामातही जातो. म्हणून पानावरची फिकट पिवळी खूण वेळेत ओळखणे महत्त्वाचे.

ही ओळख संगणकाला शिकवण्याचा प्रयोग अमांडा रामचरण, डेव्हिड ह्यूजेस व सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केला. टांझानियातल्या शेतांतून त्यांच्याजवळ 2,756 छायाचित्रे जमली होती. कोऱ्या प्रारूपाला एवढ्यावर पाहायला शिकवणे अवघड. ते रोग शिकण्याऐवजी छायाचित्रेच पाठ करते. म्हणून त्यांनी 'इन्सेप्शन व्ही-3' हे तयार प्रारूप घेतले. 'इमेजनेट' संग्रहातल्या बारा लाखांहून अधिक छायाचित्रांवरून ते कुत्रे, जहाजे, भांडी असे हजार प्रकार ओळखायला शिकले होते.

त्या हजारांत कसाव्याचे रोग नव्हते. तरीही ते उपयोगी का पडले? अशा प्रारूपाचे पहिले थर कडा, रंगबदल, पोत एवढेच टिपतात, आणि कुत्र्याच्या केसांसाठी कमावलेली ही नजर पानाच्या शिरांनाही चालते. प्रत्येक छायाचित्राचे सार हे प्रारूप शेवटी 2,048 आकड्यांत मांडते. संशोधकांनी आधीचे थर तसेच ठेवले आणि फक्त शेवटचा थर बदलला. तीन रोग, दोन प्रकारच्या कोळ्यांची कीड आणि निरोगी पान, असे सहा पर्याय त्यात होते. म्हणजे दोन कोटींहून अधिक आकड्यांच्या यंत्रात नव्याने शिकायचे होते ते जेमतेम बारा हजार. बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर 93 टक्के उत्तरे बरोबर आली.

पण ती छायाचित्रे त्याच संग्रहातली होती. खरी परीक्षा 2019 साली प्रसिद्ध झाली. या गटाने मोबाइलवर चालणारे दुसरे प्रारूप टांझानियातल्या शेतात नेऊन 720 रोगट पर्णिकांवर तपासले. लक्षणे ठळक असतानाही त्याचा गुणांक 32 टक्क्यांनी घसरला. घसरणीचे कारण नेमके आहे: चुकीचे नाव देण्यापेक्षा रोगट पान नजरेतून सुटणेच जास्त होते. सौम्य लक्षणांवरही कामगिरी खालावली. आणि शेतकऱ्याला इशारा हवा असतो तो तेव्हाच.

एकूण टक्केवारीतून हा दोष दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या शेतातली पाने घ्यावी लागतात आणि प्रत्येक रोगाची किती सुटली, हे मोजावे लागते. कडा आणि पोत पाहणारी नजर उसनी मिळते. कोवळ्या पानावरचा पहिला डाग मात्र त्याच मातीत, त्याच उन्हात टिपून, जाणत्या माणसाकडून त्याचे नाव लिहून घ्यावे लागते.