पाण्याच्या मापातले भाषण

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता एका डोळ्याने श्रोत्यांकडे आणि दुसऱ्याने अध्यक्षांपुढच्या घंटेकडे पाहत असतो. टिपणात मुद्दे बारा, त्यांतले सात झाले, आणि घंटा तर वाजली! ही फजिती आपण पुष्कळदा पाहिली आहे. तिच्यात फार तर वक्त्याचा हिरमोड होतो. परंतु वेळ चुकली किंवा मुद्दा राहिला तर माणूस भिकेला लागेल, अशा प्रसंगी एका वीस वर्षांच्या तरुणाने आपले भाषण कसे मापून घेतले, ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. तरुणाचे नाव डिमॉस्थेनिस, गाव अथेन्स, आणि काळ इ. स. पूर्व ३६४–६३ च्या सुमाराचा.

अथेन्सच्या न्यायालयात वकील उभा करण्याची चाल नव्हती. वादी-प्रतिवादींनी स्वतःच बोलायचे असे. बोलण्याची वेळ पाण्याने मोजीत. बुडाशी बारीक नळी असलेले मातीचे भांडे वर ठेवायचे, त्यात मापून पाणी ओतायचे, नळी मोकळी करायची, आणि धार खालच्या भांड्यात पडून संपली की वक्त्याने खाली बसायचे. ह्या भांड्याला ते लोक क्लेप्सिड्रा, म्हणजे पाणीचोर, म्हणत. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी जे घटिकापात्र लावीत त्याची तऱ्हा उलट असे. आपले पात्र पाणी आत घेत घेत बुडते, त्यांचे पाणी बाहेर टाकत रिते होते.

अथेन्सच्या बाजारचौकातील उत्खननात असे एक भांडे सापडले आहे. त्यात सुमारे ६.४ लिटर, म्हणजे त्यांच्या मापाने २ खूस, पाणी मावते आणि ते सहा मिनिटांत वाहून जाते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात दाव्याच्या रकमेप्रमाणे पाण्याचे प्रमाण दिले आहे. पाच हजार द्राख्मांवरील दाव्यात पहिल्या भाषणास १० खूस आणि उत्तराच्या भाषणास ३. ग्रंथ ह्या खटल्यानंतर काही दशकांनी लिहिलेला आहे, आणि सारी भांडी एकाच वेगाने गळत असतील असेही नाही. तरी अजमास बांधण्यास तो पुरेसा आहे. पहिल्यास सुमारे अर्धा तास, म्हणजे आपली सव्वा घटका; दुसऱ्यास नऊ मिनिटे.

आता एवढ्या पाण्यात काय काय बसवायचे होते ते पाहू. डिमॉस्थेनिस सात वर्षांचा असताना वडील वारले. मागे तलवारी बनविणारा एक कारखाना, पलंग बनविणारा दुसरा, व्याजी लावलेला पैसा, घर, दागिने, हस्तिदंत आणि लोखंड असे सुमारे चौदा टॅलेंटचे द्रव्य होते. एक टॅलेंट म्हणजे साठ मिना. दोन चुलत-आते भाऊ, अफोबस आणि डिमोफॉन, व वडिलांचा जुना स्नेही थेरिपिडीस, असे तिघे पालक नेमले होते. दहा वर्षांनी मुलगा वयात आला तेव्हा त्यांनी घर, चौदा गुलाम आणि तीस मिना रोकड हाती ठेवली. सगळे मिळून सत्तर मिना! त्याने अफोबसवर दहा टॅलेंटचा दावा लावला. दावा फसला तर वादीला दाव्याच्या सहाव्या हिश्शाचा दंड होई, म्हणजे शंभर मिना. हातात सत्तर आणि दंड शंभरांचा. भाषण फसून चालणार नव्हते ते ह्यामुळे.

त्याने पहिली काटछाट केली ती माणसांची. तिघांनी मिळून काय काय लुबाडले ते एकाच पाण्यात सांगून होणार नाही, असे तो भाषणात उघड म्हणतो, आणि डिमोफॉन व थेरिपिडीस ह्यांची प्रकरणे त्यांच्यावरील दाव्यांसाठी राखून ठेवतो. रागावलेल्या मुलास हे किती जड गेले असेल! तिघांची नावे जिभेवर असताना दोघांना सोडणे सोपे नाही. पण समोरच्या चारशे पंचांना निकाल द्यायचा होता तो एकट्या अफोबसबद्दल.

दुसरी युक्ती अधिक मार्मिक आहे. खाजगी दाव्यात कारकून कायदा किंवा साक्ष वाचू लागला की नळी बंद करीत. कागद कितीही लांब असला तरी वक्त्याचे पाणी शिल्लकच! म्हणून ह्या भाषणात थोडे बोलणे, मग साक्ष, पुन्हा थोडे बोलणे, पुन्हा साक्ष, अशी वीण आहे. मात्र ह्या सवलतीला एक अट होती. दावा आधी लवादापुढे जाई, आणि तेथे दाखल झालेले कागद प्रत्येक पक्षाच्या मडक्यात घालून त्यावर मोहोर करीत. मडक्यात नसलेला कागद न्यायालयात वाचता येत नसे. तेव्हा भाषणाचा मसुदा तपासताना मडक्यातील एकेक कागद घेऊन त्याला भाषणात जागा आहे की नाही हे पाहावे लागे, आणि उलट, भाषणातील प्रत्येक विधानामागे कागद आहे ना, हेही. एक कागद विसरला तर तो मडक्यातच राहणार.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ऐकणाऱ्याच्या हाती कागद नसतो, आकडे फार झाले की तो झोपतो. हा अनुभव आम्हांस आहे. चौदा टॅलेंटची मोजदाद करण्याआधीच डिमॉस्थेनिस एक गोष्ट पुढे ठेवतो. पालकांनी मुलाच्या नावे युद्धकर भरला तो पंचवीस मिनांस पाच मिना, ह्या सर्वांत वरच्या दराने, सेनापती टिमोथियससारख्या धनाढ्यांच्या बरोबरीने. म्हणजे मालमत्ता मोठी होती हे पालकांनी स्वतःच सरकारदरबारी कबूल केले होते. काही वाक्यांत सारी यादी उभी राहिली. तसेच आईच्या स्त्रीधनाचे. अफोबसने आईशी लग्न करायचे म्हणून ८० मिना घेतले, लग्न केले नाही आणि पैसेही दिले नाहीत. व्याज दरमहा दर मिनेस एक द्राख्मा, म्हणजे सालीना शेकडा बारा, धरले तर दहा वर्षांत ९६ मिना होतात, मुद्दलासह १७६. डिमॉस्थेनिस सुमारे तीन टॅलेंट म्हणतो आणि पुढे जातो. ह्याहून चढा दर कायद्याने मागता आला असता, हेही तो सांगून ठेवतो. चार मिनांचा चोख हिशेब देण्यात पाणी घालविणे त्याला परवडत नव्हते.

तरीही एक मुद्दा यादीबाहेरून आलाच. लवादापुढे अगदी शेवटच्या दिवशी अफोबसने एक साक्ष मडक्यात टाकली आणि तिचा उपयोग उत्तराच्या भाषणासाठी राखून ठेवला. मुलाचा आजा सरकारचा देणेकरी होता, म्हणून बापाला मालमत्ता खंडाने लावून उघडी करायची नव्हती, असा त्याचा पवित्रा. येथे ते ३ खूस पाणी कामास आले. डिमॉस्थेनिसने दुसऱ्या भाषणाचा आरंभच ह्या मुद्द्याने केला. साक्ष नीट ऐका, तीत आजा देणेकरी झाला एवढेच आहे. मरतेवेळी देणे बाकी होते असे कोठेही नाही, असे त्याने पंचांना दाखवून दिले. पहिले भाषण कितीही नेटके असले तरी नऊ मिनिटांतील काही मिनिटे अनपेक्षितासाठी मोकळी ठेवावी लागतात ती अशी.

पुढे व्यवसायाने दुसऱ्यांना भाषणे लिहून देऊ लागल्यावर त्याच्या नावच्या दोन भाषणांच्या शेवटी एक छोटा हुकूम आढळतो. सांगायचे ते सांगून झाले, उरलेले पाणी ओतून टाक! घंटेआधी आपण होऊन बसणारा वक्ता आम्हांस तरी विरळाच भेटला आहे.

अफोबसविरुद्ध निकाल लागला आणि दहा टॅलेंटचा हुकूम झाला. पैसे मात्र सरळ मिळाले नाहीत. अफोबसच्या जमिनीचा ताबा घ्यायला गेला तर मेहुणा ओनेटॉर आडवा आला, ही जमीन आपल्या बहिणीच्या स्त्रीधनापोटी तारण आहे म्हणून. डिमॉस्थेनिसला पुन्हा दावा लावावा लागला, आणि पुन्हा भाषण लिहावयास बसावे लागले.