‘निर्भेळ रक्त’ या शब्दांवरील तळटीप
१. निर्भेळ वंशाचा हा दावा जनुकीय पुराव्यापुढे टिकत नाही. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जनुकसंचात सुमारे १ ते २ टक्के अंश निअँडरथल मानवाचा असतो. आफ्रिकेतही तो अल्प प्रमाणात पोहोचला आहे. पापुआतील लोकांत डेनिसोव्हन मानवाचाही काही टक्के वारसा आढळतो. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत तगून राहायला मदत करणारे ‘ईपीएएस१’ जनुकाचे रूप डेनिसोव्हनांसारख्या मानवाकडून आल्याचे २०१४ साली संशोधकांनी दाखवले. एखाद्या समूहाचा खास मानला जाणारा गुणही असा संकरातून आलेला असू शकतो. या टक्केवारीवरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे मात्र चूक. मिसळ सर्वांतच आहे, प्रमाण तेवढे वेगळे. – संपा.