तळटीप : ‘प्रसिद्ध करील’ या शब्दांविषयी
मूळ मजकुरात ग्रंथकार ‘करील’ हे क्रियापद आले की तरतूद आज्ञापक, असे धरून चालतात. न्यायालये इतकी सरळ चालत नाहीत. रझा बुलंद शुगर कंपनी विरुद्ध रामपूर नगरपालिका या खटल्यात (१९६४) पाणीपट्टीला आव्हान होते. उत्तर प्रदेशच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यानुसार कराचा मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, आणि तोही हिंदीत निघणाऱ्या स्थानिक वृत्तपत्रात. नगरपालिकेने मसुदा हिंदीत छापला, पण उर्दू वृत्तपत्रात. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने एकाच आज्ञेचे दोन भाग पाडले. प्रसिद्धी आज्ञापक, कारण ती नसेल तर करदात्याला हरकत घेण्याची संधीच उरत नाही. ती टाळली असती तर कर रद्द झाला असता. प्रसिद्धीची रीत मात्र निदेशात्मक. तिचे सारतः पालन झाले की पुरे. त्या पत्राचा रामपुरात चांगला खप होता, मजकूर हिंदीत होता, म्हणजे हेतू साधला होता. म्हणून वाचकाने क्रियापदापाशी न थांबता, चूक झाल्याने कोणाचा कोणता हक्क बुडाला, हे आधी पाहावे. रामपूरची पाणीपट्टी कायम राहिली. — संपादक